मामांचं पुस्तक आणि पळणाऱ्या वेलांट्या

वेलांटीला पाय असतात हे मला लग्नानंतर कळलं. माहेरी वेलांटी जिथं काढली तिथं राहायची. सासरी, म्हणजे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या दुकानात, ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर पळायची आणि आमचे हे तिच्यामागं पळायचे.

दुकान आमचं डीटीपीचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. कधी कधी एकाच माणसाचे दोन्ही. मजकूर बहुतेक मोबाइलवरून येतो. मोबाइलवर तो शहाण्यासारखा दिसतो. तोच उचलून डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की त्याच्या अंगात येतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसायची ती नंतर जाऊन बसते. जोडाक्षरं सुटी होतात, पहिल्याचा पाय मोडतो आणि दुसरं शेजारी उभं राहून बघत बसतं. रफार डोक्यावरून उतरून र होतो आणि पाय मोडून मागं पडतो. अशा मजकुराला आम्ही दुकानात ‘फुटलेला’ म्हणतो.

फुटलेला मजकूर सांधायची ह्यांची एक पद्धत होती. ती पद्धत म्हणजे हात. ह्यांचा स्वभाव असा की नळ गळत असला तर वायसर बदलायचा नाही, खाली बादली लावायची आणि मग आयुष्यभर बादली ओतायची. तसंच इथं. माऊसनं एकेक वेलांटी कापायची आणि एक घर आधी नेऊन चिकटवायची. अर्धी अक्षरं फॉन्टच्या पेटीतून शोधून बसवायची. रफार उचलून सरकवत सरकवत डोक्यावर आणायचा. चार ओळींच्या लग्नपत्रिकेला हे चालतं. मी कितीदा म्हटलं, एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये याला काहीतरी बटण असेल की. तर म्हणायचे, “बटणानं सगळं झालं असतं तर माणसं कशाला लागली असती?” मी टायपिंग करायची, बाकी राज्य ह्यांचं.

अशात माझ्या सासऱ्यांनी पुस्तक लिहिलं.

सासरे सांगोल्याकडं राहतात. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत आणि सासूला आत्या. मामांनी जन्मभर शेळ्या-मेंढ्या पाळल्या. पंचाहत्तरी जवळ आली तसं त्यांच्या मनानं घेतलं की आपल्याला जनावरांचं जे कळतं ते पुस्तकात आलं पाहिजे. मोबाइलवर बोललं की आपोआप लिहिलं जातं, हे कुणीतरी त्यांना शिकवलं होतं. मग काय, रोज गोठ्यात बसून बोलायचे आणि लिहिलेलं आम्हाला पाठवायचे. लगेच फोन यायचा. “मिळालं का रं?” हे म्हणायचे, “मिळालं.” आणि ‘मिळालं’ ऐकलं की मामा तिकडून तो मेसेज सगळ्यांकडूनच पुसून टाकायचे. गावातल्या कुणीतरी आपली विद्या चोरेल असं त्यांना वाटायचं. शेळीची विद्या चोरायला मोबाइल कोण हुडकत येणार, ते मामांनाच ठाऊक. म्हणून मेसेज आला रे आला की हे तो उचलून थेट पुस्तकाच्या पानावर चिकटवायचे. दुसरीकडं कुठंही प्रत नाही.

आणि पानावर आला की मजकूर फुटायचा.

एकदा मामा काही कामानं सोलापूरला आले होते तेव्हा पडद्यावर बघून म्हणाले, “ह्या अक्षराला काय झालंय रं?”

“पाय मोडलाय त्याचा,” हे म्हणाले.

“मग बांबूच्या कामट्या बांध की,” मामा म्हणाले आणि चहा प्यायला बाहेर गेले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

ह्यांनी खरंच कामट्या बांधल्या. कित्येक आठवडे. अख्खं पुस्तक, एकेक वेलांटी, एकेक रफार. जेवताना ह्यांची तर्जनी ताटावर माऊस दाबल्यासारखी हलायची. मी मदत करते म्हटलं तर म्हणाले, “बापाचं पुस्तक आहे, मीच करणार.” बरं बाबा, करा. शेवटी झालं. आणि खोटं कशाला बोलू, पडद्यावर देखणं दिसत होतं. मामांना फोन गेला. मामांनी त्याच दिवशी पंचाहत्तरीचं आणि प्रकाशनाचं आमंत्रण गावभर देऊन टाकलं. नातेवाईक, पंचक्रोशीतले मेंढपाळ, बाजारातले ओळखीचे, सगळ्यांना. वर जो भेटेल त्याला सांगायचे, आता मला लेखक म्हणायचं.

छपाई नवी पेठेच्या मागं एका अण्णांच्या छापखान्यात करायची ठरली. अण्णा घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, मशीनशी दोन्ही. त्यांचा एक नियम आहे. छापायचा मजकूर ते वाचत नाहीत. पूर्वी कधीतरी वाचून स्वतःच्या मनानं एक शब्द बदलला होता आणि गिऱ्हाईक भांडायला आलं होतं. तेव्हापासून बंद. “आपण छापायचं. वाचायचं काम वाचणाऱ्याचं,” असं ते म्हणतात आणि खरंच पानाकडं असं बघतात की त्यांना फक्त समास दिसतो. ह्यांनी त्यांना पुस्तकाची फाईल दिली. पानं त्यांच्या कागदाच्या मापात बसवायची होती म्हणून चालू फाईलच दिली, अक्षरं गोठवून, म्हणजे पुढं कुणाला हलवता येऊ नयेत अशी त्यांची चित्रं करून, दिली नाही.

अण्णांनी पानं बसवली, एक नमुना प्रत काढली, आणि माणूस भला असल्यामुळं ती आमच्याकडं न पाठवता कौतुकानं सरळ लेखकाकडं, म्हणजे मामांकडं, सांगोल्याच्या एसटीनं धाडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर उचलते तर पायरीवर मामा आणि आत्या बसलेले. मामांच्या हातात नमुना प्रत. तोंड असं झालेलं की मला वाटलं घरात काहीतरी वाईट झालं.

“सूनबाई, वाच,” मामा म्हणाले.

मी वाचायला लागले. पहिल्याच पानावर ‘शनिवार’चा ‘शिनवार’ झालेला. पुढं सगळीकडं तसंच. शब्दाच्या मधली वेलांटी एक घर आधी सरकून भलत्याच अक्षराला चिकटलेली. आणि शब्दाच्या सुरुवातीला वेलांटी असेल, ‘पिल्लू’, ‘तिखट’, ‘शिंग’, तर तिला चिकटायला आधी अक्षरच नाही, म्हणून तिथं ठिपक्याठिपक्यांचा एक रिकामा गोल आणि त्या गोलावर वेलांटी. पानोपानी गोल. शेळीच्या पुस्तकात ते गोल बघून काय आठवत होतं ते मी सांगत नाही, पण आत्यांनी सांगितलं.

“लेंड्या पडल्यात जणू,” आत्या म्हणाल्या.

मला हसू आलं, पण मामांकडं बघितलं आणि गिळलं. मामा हळूच म्हणाले, “पुढल्या आठवड्यात कार्यक्रम हाय. लोकं वाचणार काय? लेखक म्हणून मला हसत्याल की.” एवढं बोलून ते स्टुलावर बसले. एरवी आवाज करून बसणारा माणूस, त्या दिवशी बसल्याचं कळलंसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं.

हे आले. प्रत बघून पांढरे पडले. धावत छापखान्यात गेले, चुकीची प्रत कुठं राहू नये म्हणून अण्णांकडची फाईल तिथून पुसून पेनड्राइव्हवर घेऊन आले, जुन्या फाईलवरच ती हलवली, म्हणजे जुनीही गेली, आणि माऊस हातात घेऊन परत हातानं सांधायला बसले. ठिपक्यांचा गोल दिसला की तिथली वेलांटी कापायची आणि अक्षराच्या नंतर चिकटवायची. म्हणजे इतके आठवडे मागचं पुढं केलं होतं, आता पुढचं मागं. दुपारपर्यंत अर्ध्याच्या वर पुस्तक उलटं सुलटं केलं, तेही क्रमानं नाही. जिथं गोल जास्त दिसतील त्या पानावर उडी.

मी तोपर्यंत अण्णांना फोन लावला. म्हटलं, “अण्णा, तुम्ही फाईलला काय केलंत?”

“काय नाय वहिनी. नेहमीचंच. कुणाचंबी कन्नड-मराठी आलं की फुटलेलंच येतंय. मग मी उघडल्या उघडल्या सगळं सिलेक्ट करतो, परिच्छेदाच्या मेनूत जातो आणि ते भारतीय भाषांचं हाय न्हवं, वर्ल्ड-रेडी का काय, त्याच्यावर टिचकी मारतो. सगळं नीट बसतंय. फुकट करतो बरं का, पैसे लावत नाय.”

“आणि नीट बसलं का ते बघता?”

“ते वाचावं लागतंय की वहिनी.”

मी फोन ठेवला आणि ह्यांच्या हातातला माऊस काढून घेतला. पहिल्यांदाच. परिच्छेदाच्या मेनूत गेले. ते तिथंच होतं. इतकी वर्षं. आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये, आमच्याच डोळ्यांसमोर. एक टिचकी.

झालं होतं ते असं. मोबाइलवरून येणारा मजकूर आत बरोबरच असतो. पहिली वेलांटी आत अक्षराच्या नंतरच लिहिलेली असते, ती अक्षराच्या आधी दाखवायची आणि जोडाक्षर जुळवायचं हे काम सॉफ्टवेअरचं. ते काम करायला आमच्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. ह्यांनी दिसायला बरोबर व्हावं म्हणून वेलांटी खरोखरच अक्षराच्या आधी नेऊन ठेवली. दिसायला गोजिरं, आतून सगळं चुकीचं. अण्णांनी टिचकी मारली, सॉफ्टवेअर शहाणं झालं, आणि ह्यांची प्रत्येक दुरुस्ती चूक म्हणून बाहेर पडली. एका भल्या माणसानं सांधलेलं दुसऱ्या भल्या माणसानं सांधलं, म्हणून मोडलं.

मी हे समजावून सांगितलं तर ह्यांना राग आला. “म्हणजे टिचकी काढली की माझं बरोबर,” म्हणाले आणि काढली. तर सकाळपासून उलटं केलेलं अर्धं पुस्तक फुटलं. परत मारली. उरलेलं अर्धं फुटलं. काढली, मारली, काढली, मारली. एका पानावर वरचा परिच्छेद शहाणा तर खालचा वेडा, मग खालचा शहाणा तर वरचा वेडा. आत्या मागं उभ्या राहून हा खेळ बघत होत्या. त्यांनी मामांना विचारलं, “ह्यालाच शिकायला सोलापूरला ठिवलं व्हतं व्हय?”

मूळ मजकूर असता तर टिचकीसरशी काम झालं असतं. पण मूळ मजकूर मामांनी चोरांच्या भीतीनं पुसलेला. मी विचार केला, ही खिचडी निवडत बसण्यापेक्षा नव्यानं लिहिलेलं बरं. म्हटलं, “मामा, तुम्ही परत सांगा. मी टाइप करते. आधी एका ओळीवर टिचकी मारून दाखवते, म्हणजे तुम्हाला खात्री.” त्यांनी सांगितलं, मी मोबाइलवर लिहिलं, ‘व्यायलेल्या शेळीला कोमट पाण्यात गूळ द्यावा’, पडद्यावर चिकटवलं. फुटलं. मामांनी डोळे मिटले. मी टिचकी मारली आणि म्हटलं, आता बघा. ‘व्या’ जुळला होता, ‘ल्या’ जुळला होता, सगळं आपापल्या जागी. मामांनी ओळीखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, “लिही.”

आणि इथून खरी मजा. पहिल्या खेपेला मामा गोठ्यात एकटे बोलले होते. या खेपेला शेजारी आत्या होत्या. त्यांनी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. कुणी दाखवलंच नव्हतं म्हणा.

मामा सांगायला लागले, “मी पहिल्यापासून जनावराचा डोळा बघून आजार वळखतो.”

“कोण वळखतो?” आत्या.

“मी.”

“तुमी डोळा बघायचा आन मी शेण बघायचं. वळखायचं कोण ते सूनबाईला सांगा.”

मी थांबले. मामा म्हणाले, पुढचं लिही. पुढं दुष्काळाच्या सालातली गोष्ट होती. गावात टँकर यायचे तेव्हाची. आई मेलेलं एक करडू मामांनी रात्रभर मांडीवर घेऊन, फडक्यानं दूध पाजून जगवलं. चांगली गोष्ट होती, माझ्याही डोळ्यात पाणी आलं.

“तुमी घोरत व्हता,” आत्या म्हणाल्या.

हे सुद्धा रुसवा विसरून वळून बघायला लागले. मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“व्हय,” म्हणाले. “लिही सूनबाई. ती बसली व्हती.”

मग तर आत्यांना जोरच आला. प्रत्येक ओळीला अडवायच्या. सगळंच काही त्यांचं बरोबर नव्हतं. एका मेंढीच्या बाळंतपणाचं श्रेय घ्यायला लागल्या तर मामांनी दाखवून दिलं की त्या महिन्यात त्या माहेरी भावाशी भांडायला गेल्या होत्या. ते त्यांनी मान्य केलं, पण भांडणाचं कारण सांगायला लागल्या आणि ते पुस्तकात जाता जाता राहिलं. दोन दिवस दुकानात हेच. पत्रिका घ्यायला आलेली माणसं पत्रिका विसरून बाकड्यावर बसून ऐकायची आणि कुणाची बाजू घ्यायची यावर आपसात वाद घालायची.

शेवटी मामाच म्हणाले, जिथं जिथं ‘मी’ हाय तिथं ‘आमी’ कर. हे लगबगीनं पुढं आले, त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. शोधा आणि बदला. एका फटक्यात सगळ्या ‘मी’चं ‘आम्ही’. तर ‘कमी’चं ‘कआम्ही’ झालं, ‘जमीन’ची ‘जआम्हीन’. मी ते मागं घेतलं आणि सुटा शब्दच बदल अशी खूण करून परत बदललं. ह्यांनी माऊस माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “हे तूच बघ इथून पुढं.” मी बघतेच आहे.

छापायला जायच्या आदल्या दुपारी मामा एकटेच आले. आत्यांना पाव्हण्यांकडं बसवून. मुखपृष्ठावर त्यांचं एकट्याचं नाव होतं. त्याच्याकडं बोट करून म्हणाले, “हिथं अजून एक घाल. वरती.”

“कुणाचं मामा?”

“तिचं.”

“तिचं म्हणजे?” मला कळलं होतं, पण मी मुद्दाम विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. आमच्याकडच्या त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नाही. मामांनी आत्यांना जन्मात कधी नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. अगं, ए, ऐकलं का, नाहीतर नुसतं खाकरणं.

“तुला म्हायती हाय की,” मामा म्हणाले आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघायला लागले. मी नाव टाइप केलं. त्या नावात पहिली वेलांटी पण आहे आणि रफार पण. चिकटवलं, टिचकी मारली, नीट बसलं. मामांनी तिरक्या नजरेनं बघितलं आणि म्हणाले, “जरा मोठं कर.”

त्या फाईलची अक्षरं मी स्वतः गोठवून अण्णांना दिली आणि फोनवर सांगितलं, अण्णा, काहीही करू नका, टिचकी मारू नका, भलं करू नका. अण्णांनी मनाला लावून घेतलं, पण छापलं चांगलं.

कार्यक्रमाला पटांगण भरलं होतं. हार झाले, भाषणं झाली. आत्या बायकांत बसल्या होत्या, माझ्या शेजारी. पुस्तकाचं फडकं सोडलं तेव्हा मुखपृष्ठ लांबून त्यांना दिसलं नाही, चष्मा घरी राहिला होता. मग मामांच्या हातात माइक दिला. मामांनी पाठ केलेलं भाषण होतं. ते काही आलं नाही. त्यांनी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं, मुखपृष्ठावर बोट ठेवलं, आणि पहिली ओळ वाचायला सुरुवात केली. शाळेत वाचतात तसं, एकेक अक्षर सुटं करून, बोट सरकवत. घेतलं नाही, वाचलं. आत्यांचं नाव, संपूर्ण, आडनावासकट, सगळ्या गावादेखत, माइकवरून.

बायका आत्यांकडं बघायला लागल्या. आत्यांनी पदर तोंडाला लावला. मग पदर काढला आणि होत्या तिथूनच मोठ्यानं म्हणाल्या, “नीट ऐकू आलं न्हाय. परत वाचा की.”

मामांनी बोट मागं नेलं आणि परत वाचलं.